सोसायटीत विशेष सर्वसाधारण सभा मागायची आहे? सह्या गोळा करण्याआधी हे वाचा

गृहनिर्माण सोसायटीतली मागणीपत्रं बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतात. रविवारी सकाळी खाली चार जण चिडून बोलतात, संध्याकाळपर्यंत कोणीतरी वहीच्या पानावर 'कमिटीच्या मनमानी कारभाराविरुद्ध सभा बोलवा' असं लिहितं आणि जिना चढून-उतरून तीस सह्या जमतात. सेक्रेटरी ते पान घेतात, हसतात आणि फायलीत ठेवतात. दोन महिन्यांनी उपनिबंधक कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो: यातले नोंदणीकृत सभासद किती, विषय कोणता आणि पोच कुठे आहे? तिन्ही प्रश्नांना उत्तर नसतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांपुरता आहे. आधार आहे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७६ आणि त्याला धरून असलेले आदर्श उपविधी. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण अनेक जण इंटरनेटवरून कंपनी कायद्यातला मसुदा उचलतात. तिथला एक दशांशाचा, एकवीस दिवसांचा आणि 'संचालकांनी सभा बोलावली नाही तर आम्हीच बोलावू' हा हिशेब सोसायटीला लागू नाही. सोसायटीत सभासदांना सभा मागता येते, स्वतः बोलावता येत नाही. समितीने टाळाटाळ केली म्हणून गच्चीवर जमून ठराव केलात, तर त्या कागदाला किंमत शून्य.

## टप्पा १ : आधी उपविधी आणि सभासद यादी हातात घ्या

सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत काढा. आदर्श उपविधी वेळोवेळी बदलले आहेत आणि तुमच्या सोसायटीने नेमकी कोणती आवृत्ती स्वीकारली, हे पाहिल्याशिवाय एकही आकडा गृहीत धरू नका. त्यातल्या चार गोष्टींवर खूण करा: मागणीसाठी लागणारी सभासदसंख्या, विशेष सभेच्या नोटिशीचे दिवस, गणपूर्ती म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, आणि ती झाली नाही तर काय होतं.

कलम ७६ म्हणतं की सोसायटीच्या एक पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत त्यासाठी ठरवलेल्या संख्येने, यांत जो आकडा कमी असेल तितक्यांनी लेखी मागणी केली, तर एका महिन्याच्या आत सभा बोलावणं बंधनकारक आहे. आदर्श उपविधीतही एक पंचमांशच आहे.

आता एक पंचमांश कशाचा? इथेच पहिली चूक होते. लोक सदनिका मोजतात. मोजायचे असतात सभासद.

एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. समजा सोसायटीत ८४ सदनिका आहेत. तीन अजून बिल्डरच्या नावावर पडून आहेत. दोन विकल्या गेल्या, पण नव्या मालकांचं हस्तांतरण समितीने अजून मंजूर केलेलं नाही आणि जुने मालक राजीनामा देऊन गेले. म्हणजे सभासद नोंदवहीत ७९ नावं. त्याचा एक पंचमांश १५.८, म्हणजे सोळा सभासद. अपूर्णांक नेहमी वरच्या आकड्याकडे न्यायचा, पंधरावर थांबायचं नाही.

सभासदांची यादी 'जे' नमुन्यात असते आणि ती पाहायला मागण्याचा सभासदाला हक्क आहे. अर्ज लेखी द्या. यादी मिळाली नाही, तर अर्जाची पोच तरी तुमच्याकडे राहते.

तपासणी: ज्यांच्या सह्या घेणार त्या प्रत्येकाचं नाव यादीत जसं लिहिलंय तसं उतरवून काढलंत का? भाग प्रमाणपत्रावर 'वसंत गणपत' आणि सहीपुढे नुसतं 'व्ही. जी.' असेल, तर वाद घालायला ती जागा पुरते.

## टप्पा २ : विषय ठरवा, तक्रार नव्हे

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. कारण मागणीपत्रावरून बोलावलेल्या विशेष सभेत नोटिशीत नमूद असलेल्या विषयांव्यतिरिक्त दुसरं कामकाज करता येत नाही. वार्षिक सभेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' असतात, ती पळवाट इथे नाही. जो विषय तुम्ही लिहिला नाहीत, तो त्या दिवशी निघणार नाही. आणि जो मोघम लिहिलात, त्यावर ठराव होणार नाही.

आपल्या उदाहरणात भांडण असं आहे. समितीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं अकरा लाखांचं काम एका कंत्राटदाराला दिलं. सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतली नाही, निविदा किती आल्या ते कोणाला माहीत नाही, आणि चार लाख आगाऊ दिले गेले. सभेच्या मंजुरीशिवाय समितीला दुरुस्तीवर किती खर्च करता येतो, याची मर्यादा उपविधीत असते आणि अकरा लाख हा आकडा तिच्या कितीतरी पुढे आहे.

रागाच्या भरात लिहिलेला विषय असा असतो: 'समितीच्या भ्रष्ट कारभारावर चर्चा करणे.' यातून निष्पन्न काय होणार? दोन तास आरडाओरडा, आणि इतिवृत्तात एक ओळ: 'विषयावर चर्चा झाली.'

त्याऐवजी असं लिहा:

> १. गच्ची वॉटरप्रूफिंगच्या कामासाठी आलेली दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश व आजवर दिलेल्या रकमेचा तपशील सभेपुढे ठेवणे.
>
> २. सदर काम सर्वसाधारण सभेच्या मंजुरीपर्यंत थांबवणे व पुढील रक्कम अदा न करणे, याबाबत निर्णय घेणे.
>
> ३. काम सुरू ठेवायचे झाल्यास नव्याने निविदा मागवण्याची पद्धत व खर्चाची कमाल मर्यादा ठरवणे.

तिन्ही विषयांत आरोप एकही नाही, पण प्रत्येकातून ठराव निघू शकतो. तिसरा विषय मुद्दाम ठेवलाय. काम थांबवा म्हणणाऱ्यांना 'मग पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती झाली तर?' असं कोणी विचारणारच, आणि त्याचं उत्तर विषयपत्रिकेवर नसेल तर मतं फिरतात. मी स्वतः हे एकदा अनुभवलंय. आमच्या मागणीपत्रात पर्यायाचा विषयच नव्हता. सातव्या मजल्यावरच्या एका काकूंनी ओल्या छताचे फोटो दाखवले आणि आमच्याच सह्या असलेल्या सहा जणांनी समितीच्या बाजूने हात वर केले.

विषय दोन-तीनच असू द्या. दहा विषय घातले की समिती सोपे विषय आधी घेते आणि तुमचा विषय येईपर्यंत लोक जेवायला निघून गेलेले असतात.

सावधान: दोन गोष्टी या मार्गाने होत नाहीत. अध्यक्ष किंवा सेक्रेटरीवर अविश्वास ठराव आणायचा असेल, तर ती वेगळी प्रक्रिया आहे. त्याची मागणी समितीचे सदस्य निबंधकाकडे करतात, सर्वसाधारण सभासद नाही. आणि पुनर्विकासासाठी कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चा स्वतंत्र शासन निर्णय आहे, त्याच्या पायऱ्या त्याच्यातूनच पाहा. या लेखातला हिशेब तिथे चिकटवू नका.

## टप्पा ३ : मागणीपत्र लिहा

पत्र सेक्रेटरींच्या नावे, एका पानात. 'मा. सचिव' आणि सोसायटीचं पूर्ण नाव नोंदणी क्रमांकासह. मजकूर साधारण असा:

> विषय : अधिनियमाच्या कलम ७६ अन्वये विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याबाबत मागणीपत्र.
>
> आम्ही खाली सह्या करणारे सोसायटीचे सभासद आहोत. सोसायटीच्या एकूण ७९ सभासदांपैकी एक पंचमांशापेक्षा अधिक सभासद या मागणीत सहभागी आहेत. पुढील विषयांवर निर्णय घेण्यासाठी हे मागणीपत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. विषय जसेच्या तसे सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावेत.

त्याखाली तीन विषय, आणि मग सह्यांचा तक्ता. तक्त्यात रकाने पाच: अनुक्रमांक, सदनिका क्रमांक, सभासदाचं यादीप्रमाणे पूर्ण नाव, सही, सहीची तारीख.

सह्या दुसऱ्या पानावर गेल्या तर त्या पानाच्या डोक्यावर विषय पुन्हा छापा. 'आम्ही कोऱ्या कागदावर सही केली होती, कशासाठी ते माहीत नव्हतं' हे वाक्य समितीच्या बाजूचा एखादा सभासद नंतर हमखास बोलतो. वर तीन विषय छापलेले असतील तर ते वाक्य तिथल्या तिथे पडतं.

## टप्पा ४ : सह्या किती आणि कोणाच्या

कायद्याने सोळा हव्यात. पण सोळावर थांबणारा माणूस घोळ करतो, आणि त्याला कारणं दोन आहेत.

पहिलं कारण उघड आहे: काही सह्या गळतात. संयुक्त मालकी असलेल्या सदनिकेत नवरा-बायको दोघांनी सही केली तर मोजायची एकच, कारण सभासदत्व एक आणि मत एक. प्रमाणपत्रावर ज्याचं नाव पहिलं, त्याची सही घ्या. भाडेकरूची सही चालत नाही. मालक पुण्याला आणि इथे राहतो त्यांचा मुलगा, तर मुलाची सहीही चालत नाही. देखभाल शुल्क थकलेल्या सभासदाच्या सहीवर हरकत येते, म्हणून तिला संख्येत धरू नका. त्यांना सही करायची असेल तर जरूर करू द्या, पण तुमचे सोळा त्यांच्याशिवाय भरले पाहिजेत. अमेरिकेतून व्हॉट्सअॅपवर आलेला सहीचा फोटोही मोजू नका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते जवळजवळ कोणी पाहत नाही. आदर्श उपविधीप्रमाणे सभेची गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांत जो आकडा कमी तो. आपल्या ७९ सभासदांच्या सोसायटीत ती वीस. इतर सभा गणपूर्ती झाली नाही तर तहकूब होते आणि पुन्हा भरते. पण सहकारी संस्था नियम १९६१ मधला नियम ६० सांगतो की सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर तहकूब होत नाही, विसर्जित होते. खेळ संपला, पुन्हा नव्याने मागणीपत्र.

म्हणजे समितीला तुमची सभा पाडण्यासाठी काही करावंच लागत नाही. त्यांच्या बाजूच्या लोकांनी फक्त घरी बसायचं. मागणी करायला सोळा पुरतात, सभा उभी राहायला वीस लागतात, आणि ते वीसही तुमचेच असले पाहिजेत. म्हणून सह्या गोळा करताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: 'सभेला स्वतः येणार का?' नुसती सही देणारे आणि स्वतः येणारे, अशा दोन वेगळ्या याद्या मनाशी ठेवा. उदाहरणातल्या सोसायटीत मी अठ्ठावीस सह्यांशिवाय पत्र दिलं नसतं.

तपासणी: थकबाकीदार, भाडेकरू, सहयोगी सभासद आणि दुबार सह्या वगळून आकडा सोळाच्या वर आहे? आणि प्रत्यक्ष येणारे पंचवीसच्या आसपास आहेत? दोन्ही 'हो' असतील तरच पुढे जा.

## टप्पा ५ : पत्र द्या, पोच घ्या

मूळ पत्र सोसायटीच्या कार्यालयात द्या. तुमच्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे मागणीपत्र देणं नव्हे, भले त्यावर सेक्रेटरींनी अंगठा उचलून दाखवला असेल.

सेक्रेटरी घ्यायला तयार नसतील तर भांडू नका. त्याच दिवशी पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा आणि त्याची एक प्रत सोसायटीच्या ईमेलवर. पावती आणि पोच एकाच पाकिटात जपा, कारण महिन्याची मोजणी तिथून सुरू होते. उपनिबंधकांना माहितीसाठी प्रत दिली तर नुकसान नाही, पण ती दिली म्हणून सोसायटीला देणं चुकत नाही.

मूळ सह्यांचं पत्र देण्याआधी त्याची संपूर्ण छायाप्रत काढून ठेवा. हे सांगावं लागतं, कारण लोक विसरतात.

## टप्पा ६ : तारखा मोजा

पत्र पोचलं की आदर्श उपविधीप्रमाणे सेक्रेटरींनी ते सात दिवसांच्या आत समितीच्या बैठकीपुढे ठेवायचं असतं. समिती तारीख, वेळ, जागा ठरवते आणि सेक्रेटरी सगळ्या सभासदांना नोटीस काढतात. विशेष सभेसाठी पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते. 'पूर्ण' म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मधले पाच.

आपल्या उदाहरणात पत्र सोमवारी, ३ फेब्रुवारी २०२५ ला पोचलं. १० फेब्रुवारीपर्यंत ते समितीपुढे यायला हवं. महिना ३ मार्चला भरतो, तो सोमवार, म्हणजे सोयीचा शेवटचा दिवस रविवार, २ मार्च. त्याआधी पूर्ण पाच दिवस हवेत: २५, २६, २७, २८ फेब्रुवारी आणि १ मार्च. म्हणून नोटीस सगळ्या सभासदांच्या हातात २४ फेब्रुवारीला पडलेली हवी. मधे महाशिवरात्रीची सुट्टी आली म्हणून दिवस वाढत नाही.

नोटीस आली की ती लगेच वाचा. तुमचे विषय बदललेत का, ते शब्दाला शब्द लावून पाहा. 'काम थांबवण्याबाबत निर्णय घेणे' याचं 'कामाबाबत माहिती देणे' झालेलं मी पाहिलंय. एका शब्दात ठराव गेला आणि उरलं भाषण. असं दिसलं तर त्याच दिवशी मूळ मागणीपत्राचा हवाला देऊन लेखी हरकत घ्या आणि शुद्धिपत्रक मागा. सभेत उभं राहून ओरडून हे दुरुस्त होत नाही.

नोटीस अपुऱ्या दिवसांची असेल तरीही तसंच लिहा. सभा आपल्याला हवी आहे म्हणून आपण त्याकडे डोळेझाक करतो, आणि ठराव पास झाल्यावर दुसऱ्या बाजूचा सभासद तीच त्रुटी घेऊन उभा राहतो.

## टप्पा ७ : सभेच्या दिवशी

नोटिशीत सकाळी अकराची वेळ असेल तर तुमचे पंचवीस जण पावणेअकराला हजेरी वहीत सही करून बसलेले हवेत. साडेअकरा ही लक्ष्मणरेषा आहे. 'निघालोच' म्हणणारे डोंबिवली फास्टच्या भरवशावर असतात, त्यांना मोजू नका. गणपूर्ती झाली की अध्यक्षांना ती संख्या इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

मागणी करणाऱ्यांपैकी एकाने विषय मांडायचा, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. प्रत्येक विषयासाठी लिहिलेला ठराव, सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव तयार ठेवा. तोंडी ठराव इतिवृत्तात पोचेपर्यंत ओळखू येत नाही, म्हणून टाइप केलेली प्रत अध्यक्षांच्या हातात द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. मतदान हात वर करून झालं तरी बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे आकडे मोठ्याने वाचून घ्या.

सावधान: बाहेरचा विषय कोणी काढला, अगदी तुमच्या बाजूच्या माणसाने पार्किंगचा काढला, तरी थांबवा. त्यावर केलेला ठराव टिकणार नाही, आणि तोपर्यंत लोक उठायला लागतील. संख्या गणपूर्तीच्या खाली गेली आणि कोणी ते लक्षात आणून दिलं, तर सभा तिथेच थांबते. अशा वेळी उरलेलं काम तहकूब सभेत घेता येतं, पण तुमचा मुख्य विषय त्याआधी झालेला असू द्या. म्हणूनच तो पहिल्या दोनात ठेवायचा.

## टप्पा ८ : समितीने सभा घेतलीच नाही तर

महिना उलटला आणि नोटीस नाही. आता प्रभागाच्या किंवा तालुक्याच्या उपनिबंधकांकडे (काही ठिकाणी सहायक निबंधक) कलम ७६ खाली अर्ज करा. मागणीप्रमाणे सभा बोलावली गेली नाही, तर निबंधकांना किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला सभा बोलावण्याचा अधिकार आहे, आणि ती सभा समितीनेच रीतसर बोलावली असं मानलं जातं. सभा बोलावण्याचं कर्तव्य असताना सबळ कारणाशिवाय ते टाळणाऱ्या समिती सदस्याला अपात्र ठरवण्याची तरतूदही याच कलमात आहे. सभेचा खर्च सोसायटीच्या निधीतून घ्यायचा की टाळाटाळ करणाऱ्यांकडून, हेही निबंधक ठरवू शकतात.

अर्जाला जोडायचं एवढंच: मागणीपत्राची प्रत, पोच, सभासदसंख्या दाखवणारी यादी आणि उपविधीतलं ते पान. अर्जात सगळ्यात वर दोन तारखा लिहा, मागणीपत्र पोचल्याची आणि महिना संपल्याची. समितीने दहा वर्षांत काय काय केलं, त्याची यादी यात घालू नका. चौकशी हवी असेल तर तिची कलमं वेगळी, अर्ज वेगळा. दोन्ही एकत्र केलेत की सभेचा साधा अर्ज चौकशीच्या फायलीत जाऊन पडतो.

कार्यालयात अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घ्या आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाने पाठपुरावा करा. आदेश निघाला की प्राधिकृत अधिकारी नोटीस काढतील. तेव्हा टप्पा सहा आणि सात पुन्हा लागू होतात, कारण अर्ध्या तासाचा नियम अधिकारी आले म्हणून बदलत नाही. तुमचे वीस तिथेही लागतात.